नंदुरबार ते दिल्ली: चार माणसं, तीन बर्थ

दादाची बदली दिल्लीला झाली आणि त्यानं द्वारकेत घर घेतलं, तेव्हापासून वहिनीचा एकच धोशा होता, "मुलांना घेऊन या, आणि येताना तिखट आणा." उन्हाळ्याच्या सुट्टीचा बेत ठरला. आम्ही चौघं: मी, हे, अकरा वर्षांची आर्या आणि चार वर्षांचा ओम. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, रजा मोजूनमापून मिळते. त्यामुळे जायचं कसं यावर घरात बरीच चर्चा झाली. ह्यांचं म्हणणं, आता विमानं स्वस्त झालीत, एकदा मुलांनाही बसवू. माझं म्हणणं, आधी कागदावर मांडू. शेवटी जाताना रेल्वे आणि येताना विमान असं ठरलं, आणि त्यामुळे दोन्हींचा हिशोब एकाच प्रवासात हाती आला.

नंदुरबारच्या माणसाला विमानाचा हिशोब पुण्या-मुंबईच्या माणसासारखा करून चालत नाही. आपल्या जिल्ह्यात विमानतळ नाही. दिल्लीसाठी सोयीचा म्हणजे सुरतचा, रस्त्यानं सुमारे १७० किलोमीटर. जळगावचा विमानतळ आहे, नाशिकजवळ ओझरचा आहे. पण दिल्लीची रोजची आणि एकाहून जास्त विमानं हवी असतील तर पाय सुरतेकडेच वळतात. आणि गंमत अशी की रेल्वेनं दिल्लीला जायचं तरी रोजची थेट गाडी नंदुरबारहून नाही. उधना-जळगाव या तापी खोऱ्यातल्या मार्गावर आपण जवळजवळ मध्यावर बसलो आहोत. एका हाताला सुरत, दुसऱ्या हाताला भुसावळ. भुसावळला पंजाब मेलसारख्या दिल्लीकडच्या गाड्या मिळतात, सुरतेला मुंबई-दिल्ली मार्गावरच्या. म्हणजे विमान असो की रेल्वे, घरापासून पहिला टप्पा दोन्हींना आहेच. या पहिल्या टप्प्याला काय लागतं, त्यावरच पुढचं सगळं ठरतं. विमान कंपनीच्या पानावर दिसणारा आकडा सुरतेच्या धावपट्टीपासून सुरू होतो, आपला खर्च मात्र आपल्या उंबरठ्यापासून.

आधी तिकिटांचं सांगते, कारण चौघांच्या कुटुंबात सगळ्यात मोठा फरक मुलांच्या वयानं पडतो. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. त्याला वेगळा बर्थ हवाच असेल तर पूर्ण भाडं भरून घेता येतो, नको असेल तर तो आईच्या कुशीत फुकट. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला २०१६च्या एप्रिलपासून बर्थ हवा तर पूर्ण भाडं, बर्थ नको तर अर्धं. विमानात हा उंबरठा दोन वर्षांचा. दोनच्या आतलं बाळ मांडीवर, थोड्या शुल्कात. दोन पूर्ण झाले की त्याला स्वतःची खुर्ची आणि देशांतर्गत स्वस्त विमानांत जवळजवळ मोठ्या माणसाइतकंच भाडं. म्हणजे आमचा ओम रेल्वेच्या हिशोबात शून्य आणि विमानाच्या हिशोबात एक. आम्ही विमानात चौघं आणि रेल्वेत तिघं. दोन ते पाच या वयाचं मूल ज्यांच्या घरात आहे, त्यांना एका माणसाच्या भाड्याची तुलना करून काहीच हाती लागत नाही. तीनास चार अशी तुलना करायला हवी.

सुरत ते दिल्ली साध्या सुपरफास्ट गाडीत, म्हणजे पश्चिम एक्सप्रेस किंवा गोल्डन टेंपल मेलमध्ये, स्लीपरचं भाडं साडेपाचशे-सहाशेच्या घरात आणि थर्ड एसीचं दीड हजाराच्या आसपास. थर्ड एसी साधारण स्लीपरच्या अडीचपट, हे प्रमाण लांबच्या बहुतेक मार्गांवर लक्षात ठेवण्यासारखं आहे. राजधानीत स्लीपर नसतोच. तिथं थर्ड एसीला आम्ही माणशी २,६०० रुपये दिले, जेवण-नाश्ता धरून. राजधानीचं भाडं एक राहत नाही. २०१६च्या सप्टेंबरपासून तिथं चढतं भाडं आहे: दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाड्यात दहा टक्क्यांची भर, आणि ही चढण एका मर्यादेला थांबते. फर्स्ट एसीला ही चढण लागू नाही. म्हणून राजधानी घ्यायची तर आरक्षण उघडतं त्या सकाळीच घ्यायची. २०२४च्या नोव्हेंबरपासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. पहिल्या वेळात तिकीट हवं तर आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडून पक्कं केलेलं असावं, ते काम आदल्या आठवड्यात उरकून घ्यावं. आम्ही सकाळी आठला ह्यांच्या फोनवर बसलो आणि तीन बर्थ काढले.

स्लीपरचा विचार आम्ही केला नाही असं नाही. तिघांचे सुरत-दिल्ली मिळून सतराशे रुपये, एवढ्या पैशात दिल्ली म्हणजे फारच स्वस्त. थंडीच्या दिवसांत मी स्लीपरच घेतला असता. पण मे महिन्यात रतलाम, कोटा, सवाई माधोपूर या बाजूनं दिवसाची गाडी जाते तेव्हा खिडकीतून येणारा वारा भट्टीचा असतो, आणि साध्या गाडीला अठरा-वीस तास लागतात. दवाखान्यात उन्हानं आजारी पडलेली लहान मुलं मी दर उन्हाळ्यात पाहते. चार वर्षांच्या मुलाला तेवढा वेळ त्या उन्हात नेणं मला मान्य नव्हतं. साध्या गाडीचा थर्ड एसी आणि राजधानीचा थर्ड एसी यांत तिघांमागे तीन हजारांचा फरक येत होता. त्या पैशात प्रवास तेरा तासांचा आणि तोही रात्रीचा होत होता. एका बर्थवर मी आणि ओम असे दोघं झोपणार, तेव्हा ते किती तास याला महत्त्व आहे. ते तीन हजार मी आनंदानं दिले.

सेकंड एसीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुष्कळांना वाटतं की जास्त भाडं म्हणजे कुटुंबाला जास्त सोय. थर्ड एसीत एका बाजूला खालचा, मधला, वरचा असे तीन बर्थ एकावर एक. तीन तिकिटं एका पीएनआरवर काढली आणि नशिबानं ती एका भिंतीला लागून मिळाली, तर ती अख्खी भिंत आपली. मधला बर्थ कधी उघडायचा, दिवा कधी विझवायचा, कोणाला विचारायला नको. सेकंड एसीत एका बाजूला दोनच बर्थ, म्हणजे तिसरा माणूस समोर किंवा पडद्याच्या पलीकडे पॅसेजकडेला. लहान मूल सांभाळताना मला पडद्यापेक्षा भिंत बरी वाटते. आरक्षण करताना 'किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट काढा' असा पर्याय असतो, तो आम्ही निवडला होता. त्यावर एक काळजी घ्यावी लागते: अट पुरी झाली नाही तर तिकीटच निघत नाही, आणि तोवर मागचे लोक जागा घेऊन जातात. पहिल्या पाच मिनिटांत हा धोका कमी, नंतर जास्त.

नंदुरबार-सुरत हा टप्पा रेल्वेनं साधारण तीन तासांचा. इथं एक बारीक गोष्ट पैसे वाचवते. थर्ड एसीला किमान ३०० किलोमीटरचं भाडं आकारतात आणि स्लीपरला किमान २०० किलोमीटरचं. आपला टप्पा १६० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे थर्ड एसीत बसलं तर जवळजवळ दुप्पट अंतराचे पैसे जातात. बसायच्या आरक्षित सेकंड क्लासला ही अडचण नाही, तिथं माणशी शंभराच्या आसपास पुरतात. दिवसाचे तीन तास बसूनच काढायचे असतात.

या टप्प्याचं तिकीट काढताना आम्ही आणखी एक काम केलं, जे फार थोडे लोक करतात. नंदुरबार-सुरत आणि सुरत-दिल्ली ही दोन तिकिटं आयआरसीटीसीवर एकमेकांना जोडून घेतली. २०१९च्या एप्रिलपासून ही सोय आहे. पहिली गाडी उशिरा पोचल्यामुळे दुसरी सुटली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे कापून न घेता परत मिळतात. मात्र त्यासाठी दोन्ही तिकिटं पक्की हवीत, प्रवाशांची नावं-वयं तंतोतंत तीच हवीत, आणि पहिली गाडी पोचल्यापासून तीन तासांच्या आत परताव्याचा अर्ज करावा लागतो. पहिली गाडी जिथं सोडते तिथूनच दुसरी पकडायची, हीही अट. आपल्या मार्गावर इथं नीट बघावं लागतं. या बाजूच्या बऱ्याच गाड्या सुरतेला न जाता उधन्यालाच संपतात. उधना-सुरत अंतर थोडंच, पण राजधानी उधन्याला थांबत नाही. पहिलं तिकीट सुरतपर्यंतचंच आहे ना, हे मी ह्यांना दोनदा बघायला लावलं.

विमानाला असं जोडकाम नाही. उत्तरेकडून येणारी लांब पल्ल्याची गाडी नंदुरबारला तासभर उशिरा आली आणि सुरतेचं विमान गेलं, तर विमान कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. उड्डाणाच्या तासभर आधी सामानाचा काउंटर बंद होतो, पंचवीस मिनिटं आधी दार. म्हणून रेल्वेनं सुरतेला जाऊन विमान पकडायचं तर मधे चार-पाच तासांची मोकळीक ठेवावी लागते. ती ठेवली की विमानानं वाचवलेला वेळ तिथंच संपतो. उरतो मार्ग गाडी भाड्यानं करण्याचा. नंदुरबारची भाड्याची गाडी एकीकडचं भाडं घेत नाही. ती सुरतेहून रिकामी परत येणार, त्याचेही पैसे आपलेच.

आता सामान. वहिनीच्या तिखटाशिवाय नंदुरबारहून निघणं शक्यच नव्हतं. जानेवारी-फेब्रुवारीत गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते तेव्हा वारं फिरलं की घरात बसून ठसका लागतो. त्यातलीच घेऊन, कुटून ठेवलेलं तिखट, सातपुड्यातलं आमचूर, ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ असा सगळा संसार बांधला. अख्खी मिरची मुद्दाम नेली नाही. बंद एसी डब्यात मिरचीचं पोतं ठेवलं तर शेजारची सहा माणसं रात्रभर खोकत राहतील. तिखट तीन पदरी पिशवीत, तोंड चिकटपट्टीनं बंद करून, मग डब्यात. बिबड्यांचा पत्र्याचा डबा मात्र मी कोणाच्या हाती दिला नाही. तो आर्याच्या वरच्या बर्थवर पायाशी ठेवून दिल्लीपर्यंत नेला, आणि वहिनीनं उघडला तेव्हा एक बिबडा मोडला नव्हता.

रेल्वेचा नियम असा: स्लीपर आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो मोफत, सेकंड एसीला ५०, फर्स्ट एसीला ७०. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला निम्मं. फुकट जाणाऱ्या मुलाला काही नाही. म्हणजे आमच्या वाट्याला ४०, ४० आणि २०, एकूण १०० किलो. विमानात माणशी १५ किलो पोटातलं सामान आणि ७ किलो हातातलं. ओमचं पूर्ण तिकीट असल्यानं त्यालाही तेवढंच. चौघांचे मिळून ८८ किलो. मला हा हिशोब मांडल्यावर आश्चर्य वाटलं होतं. लोक म्हणतात विमानात सामान नेता येत नाही. चौघांच्या कुटुंबाला ते किलोंनी फारसं कमी पडत नाही. कमी पडतं ते दुसऱ्याच बाजूंनी.

पहिली बाजू म्हणजे या ८८ मधले २८ किलो आपल्याच खांद्यावर असतात. ओमची सात किलोची पिशवी ओम उचलत नाही. दुसरी म्हणजे सामानाचा आकार आणि प्रकार. तिखट हातातल्या पिशवीत चालत नाही, सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात. ते पोटातल्या सामानातच घालावं लागतं, आणि तिथं पिशव्या आपटतात, त्यामुळे डब्याला डबा लागतो. काळ्या मसाल्यासाठी नेतो ते सुकं खोबरं तर पोटातल्या सामानातही नेता येत नाही. त्याच्या तेलकटपणामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून विमानात त्याला बंदी आहे. मिरचीचं लोणचं हातातल्या पिशवीत नाही. पॉवर बँक उलट: ती हातातच ठेवायची, पोटातल्या सामानात नाही. बिबडे तर विमानानं न्यायची माझी हिंमतच झाली नसती.

तिसरी बाजू, एखादा किलो जास्त झाला तर काय होतं. रेल्वेत मोफत वजनापुढचं सामान आधी पार्सल कार्यालयात नोंदवलं तर दीडपट दरानं थोडे पैसे लागतात, न नोंदवता पकडलं तर सहापट. घरगुती कुटुंबाचं वजन गाडीत कोणी करत बसत नाही, पण वाट अडेल असं सामान ठेवलं तर टीसी बोलतो, आणि ते बरोबरच आहे. विमानतळावर मात्र प्रत्येक किलो काट्यावर येतो, आणि काउंटरवर जादा किलोला पाचशे-सहाशेच्या पुढे मोजावे लागतात. सहा किलो जास्त म्हणजे एका तिकिटाची निम्मी रक्कम. तेच वजन आधी घरून ऑनलाइन विकत घेतलं तर बरंच कमी पडतं. म्हणून विमानानं जायचं तर घरी लटकता काटा हवा. ह्यांनी बाजारातून आणला होता, येताना दिल्लीत तोच कामी आला.

निघालो साडेअकराला. नवापूर आलं की मुलांना दाखवायलाच हवं असं काही असतं: या स्टेशनाचा फलाट दोन राज्यांत आहे, थोडा महाराष्ट्रात, थोडा गुजरातेत, आणि घोषणा चार भाषांत होतात. आर्या खिडकीशी बसून रेषा शोधत होती. सोनगढ, व्यारा, बारडोली गेली. सुरतेला उतरलो तेव्हा तीन वाजले होते आणि राजधानीला साडेचार तासांहून जास्त वेळ होता. मोकळीक मुद्दामच एवढी ठेवली होती. उधन्याची मावशी स्टेशनवर डबा घेऊन आली. आपल्या खानदेशातली निम्मी माणसं उधना-लिंबायतला आहेत, त्यामुळे सुरतेत अडकलं तरी रस्त्यावर पडायची वेळ येत नाही. हा नंदुरबारकराच्या प्रवासातला हिशोबात न दिसणारा फायदा आहे. सामानाकडे बघून मावशी म्हणाली, "एवढं कितलं सामान शे व माय!" पाच नग, सत्तर-बहात्तर किलो. हमालानं दोन फेऱ्यांचे चारशे घेतले.

संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास राजधानी आली. खालच्या बर्थखाली दोन बॅगा आडव्या गेल्या, तिसरी उभी ठेवावी लागली. मोठ्या कडक सूटकेस घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: जाडी एक फुटापुढे गेली की ती बर्थखाली नीट सरकत नाही. मऊ बॅगा बऱ्या. जेवण आलं, तिघांचंच. ओमचं तिकीट नाही म्हणून ताटही नाही, पण मावशीच्या डब्यात मेथीचे पराठे होते. साडेदहाला दिवे विझले. ओम भिंतीकडे, मी कडेला. मला सलग झोप लागली असं म्हणणार नाही, पण मुलं सहा तास शांत झोपली. सकाळी मथुरा ओलांडलं तेव्हा चहा आला. साडेआठच्या सुमारास नवी दिल्ली, तिथून टॅक्सीनं द्वारका. दादाच्या दारात पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. दारापासून दारापर्यंत बावीस तास.

एकूण खर्च असा पडला: राजधानीचे ७,८००, सुरतेपर्यंतचे ३००, नंदुरबारची रिक्षा १००, हमाल ४००, दिल्लीची टॅक्सी ७००. म्हणजे ९,३००.

येताना विमान. माझी रजा रविवारी संपत होती आणि सोमवारी सकाळची पाळी होती. तिकिटं दीड महिना आधी काढली होती, माणशी ६,४००, चौघांचे २५,६००. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात हेच भाडं दीडपट-दुप्पट झालेलं मी नंतर पाहिलं. जागा निवडायचे पैसे आम्ही भरले नाहीत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांशेजारीच बसवावं, अशा सूचना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं २०२४ साली विमान कंपन्यांना दिल्या आहेत. तरी एक खबरदारी घेतली: चौघांची तिकिटं एकाच पीएनआरवर. दोन वेगळ्या फोनवरून दोन-दोन तिकिटं काढली असती तर हा आधार उरला नसता.

याचा दुसरा उपयोग काउंटरवर झाला. एक बॅग १९ किलो भरली, दुसरी १४, तिसरी २०. माणशी १५च्या हिशोबानं दोन बॅगा जास्त होत्या. पण पीएनआर एकच, चौघांचे मिळून ६० किलो चालतात, आमचे ५३ होते. तिथल्या मुलीनं तिन्ही बॅगांचं वजन एकत्र धरलं आणि पट्टा लावून सोडल्या. शेजारच्या रांगेत एक कुटुंब जमिनीवर बॅगा उघडून बसलं होतं, एकीतले कपडे दुसरीत घालत. मला त्यांची फार कणव आली. बाई एका हातानं मूल धरून दुसऱ्या हातानं साड्या उपसत होती. लटकत्या काट्याचे दीड-दोनशे रुपये तिथं वसूल झाले.

द्वारकेहून पावणेअकराला निघालो होतो. द्वारका विमानतळाच्या जवळ, म्हणून टॅक्सीला चारशेच लागले. दिल्लीच्या पूर्वेकडच्या टोकाला राहणाऱ्याला यात तास-दीड तास आणि दुप्पट पैसे धरावे लागतील. दुपारी पावणेदोनचं उड्डाण, पावणेदोन-दोन तासांचा प्रवास. ओमनं ढग वरून पाहिले आणि गप्प झाला, तो तसा गप्प होत नाही. ते पाहून मला मनापासून बरं वाटलं, आणि हिशोबाच्या वहीत त्याला रकाना नाही. सुरतेला पट्ट्यावरून बॅगा मिळेपर्यंत सव्वाचार झाले. बाहेर नंदुरबारहून बोलावलेली गाडी उभी होती. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, विसरवाडी, खांडबारा. व्याऱ्याच्या पुढे चहाला थांबलो. मधे ओमला गाडी लागली, पुन्हा थांबलो. घरी पोचलो तेव्हा पावणेनऊ. दहा तास.

खर्च: तिकिटं २५,६००, टॅक्सी ४००, विमानतळावरचं खाणं ८००, सुरतेची गाडी ५,०००. एकूण ३१,८००.

रात्री मुलं झोपल्यावर आम्ही वही काढली. फरक २२,५०० रुपये आणि बारा तास. तासाला जवळजवळ १,९०० रुपये. पण या बारांत आठ तास तर रात्रीचे होते, बर्थवर पडून काढलेले. ते वजा केले तर जागेपणीचे वाचले चारच तास, आणि एका तासाला साडेपाच हजारांच्या वर पडले. माझी एक दिवसाची रजा वाचली हे खरं. त्याची किंमत ज्याची त्यानं ठरवावी. ज्या आठवड्यात रजा नाकारली गेली असेल, त्या आठवड्यात ती साडेपाच हजारांहून मोठी असते. आमच्या वेळी तशी होती, म्हणून विमानाचे पैसे मला खटकले नाहीत. पण सुट्टीला जाताना तेच पैसे घालवणं मला पटत नाही. राजधानीच्या फर्स्ट एसीनं गेलो असतो, साडेचार हजारांच्या आसपास एक तिकीट, तरी तीन तिकिटं विमानाच्या चौघांच्या भाड्याच्या निम्म्याहून थोड्याच जास्तीत बसली असती.

प्रत्येक दिशेला हे गणित असंच राहील असं नाही. चेन्नईला जायचं तर नवजीवन एक्सप्रेस थेट नंदुरबारहून मिळते. सामान एकदा चढवलं की साधारण दीड हजार किलोमीटर हात लावायला नको. तिथं सुरतेचा टप्पाच गळून पडतो आणि विमानाची बाजू आणखी लंगडी होते. हावड्याकडे जाणाऱ्यांनाही अहमदाबाद-हावडा एक्सप्रेस नंदुरबारलाच मिळते. उलट बंगळुरूला जायचं तर इथून रोजची थेट गाडी नाही, गाडी बदलून दोन रात्रींचा प्रवास पडू शकतो, आणि सुरतेहून विमान आहे. बहिणीच्या बाळंतपणाला बंगळुरूला जावं लागलं तर मी विमानानंच जाईन, एकटी, पंधरा किलोंत.

तिकीट रद्द करण्याचीही गोष्ट तिकीट काढतानाच बघावी. मुलं आजारी पडतात, हे मला कोणी सांगायला नको. पक्कं तिकीट गाडीच्या बऱ्याच आधी रद्द केलं तर थर्ड एसीला माणशी १८० रुपये आणि कर एवढं जातं. स्वस्त विमानाच्या सर्वांत खालच्या भाड्यात रद्द करण्याचं शुल्क माणशी तीन हजारांच्या पुढे जातं, म्हणजे चौघांच्या पंचवीस हजारांतले निम्मेच परत येतात. लहान मुलांच्या घरानं हा धोका भाड्यातच धरून तुलना करावी.

दिवाळीत दादानं पुन्हा बोलावलं आहे. ऑगस्टमध्ये ओमला पाच पूर्ण होतील. मग तो रेल्वेच्या हिशोबातही एक होणार: बर्थ हवा तर पूर्ण भाडं. थंडीला सुरुवात झालेली असेल, म्हणून या वेळी राजधानी नाही, पश्चिम एक्सप्रेसचा थर्ड एसी, चार बर्थ, सहा हजारांच्या आसपास. सामानात त्याच्या वाट्याचे वीस किलो वाढतील, आणि वहिनीनं या वेळी अख्खी मिरचीही मागितली आहे.